पासवर्ड सोडून पासकीकडे: सुरुवात जीमेलपासून, आणि फोन लोकलमध्ये गेला तर पुढे काय

हल्ली कुठल्याही मोठ्या साइटवर लॉगिन केलं की ‘Create a passkey’ असं विचारणारी चौकट वर येते. पासकी म्हणजे पासवर्ड टाइप न करता, फोनवर बोट लावून किंवा फोनचा पिन टाकून लॉगिन करण्याची सोय. बहुतेक जण ‘Not now’ दाबून आपल्या कामाला लागतात. त्यात चूक काही नाही, कारण समजल्याशिवाय ‘हो’ म्हणण्यापेक्षा ते बरंच. ज्यांनी ‘हो’ म्हटलं, त्यातल्या अनेकांना मात्र नवी पासकी कुठे साठली, ती कोणाच्या बोटाने उघडते आणि फोन हरवला तर काय होईल, हे माहीत नसतं. मुंबईत रोज लोकलने जाणाऱ्याला यातला तिसरा प्रश्न सर्वांत आधी पडायला हवा.

पुढचं सगळं अँड्रॉइड फोन आणि त्यावरचं गुगल खातं धरून लिहिलं आहे, कारण बहुतेकांकडे तेच असतं. आयफोनवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर बटणांची नावं मराठीत दिसतील, पण जागा त्याच राहतील.

बोट लावल्यावर आत काय होतं

पासवर्ड हे एक गुपित आहे आणि ते दोन्हीकडे लागतं. तुम्हाला तो आठवावा लागतो आणि समोरच्या कंपनीला तो ओळखता यावा लागतो. त्रास इथूनच सुरू होतो, कारण तुम्ही तो ज्या पानावर टाइप कराल त्या पानाच्या मालकाला तो मिळतो, मग ते पान खरं असो की बनावट.

पासकीत गुपित तुमच्याकडेच राहतं. पासकी तयार करताना फोन किल्ल्यांची एक जोडी बनवतो. खाजगी किल्ली फोनकडे राहते आणि सार्वजनिक किल्ली गुगलकडे जाते. लॉगिनच्या वेळी गुगल एक ताजा, यादृच्छिक आकडा पाठवतं. फोन तुमचं बोट मागतो, बोट जुळलं की खाजगी किल्लीने त्या आकड्यावर सही करतो आणि फक्त ती सही परत पाठवतो. बँकेकडे सहीचा नमुना असतो तशी गुगलकडे सार्वजनिक किल्ली असते. सही खरी की खोटी हे तिच्यावरून तपासता येतं, पण नवी सही तिच्यावरून करता येत नाही. पुढच्या वेळी आकडा वेगळा असतो, त्यामुळे जुनी सही कोणी पकडून ठेवली तरी ती निकामी असते.

बोटाचा ठसा या सगळ्यात फोनबाहेर जातच नाही. तो फोनच्या चिपमधल्या बंदिस्त भागात गणिती नमुन्याच्या रूपात असतो, आणि तिथून ‘जुळलं’ किंवा ‘जुळलं नाही’ एवढंच उत्तर बाहेर येतं. ‘गुगलला माझा अंगठा दिला’ ही भीती म्हणूनच निराधार आहे. काळजी करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, ती पुढे येईल.

दुसरा फायदा पत्त्याचा. समजा मेसेजमधली लिंक उघडली आणि ब्राउझरमध्ये वर हा पत्ता दिसला:

```
https://accounts.google.com.login-check.example/signin
```

घाईत वाचणाऱ्याला यात ‘accounts.google.com’ एवढंच दिसतं. पण पत्ता वाचायचा तो पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीच्या टोकापासून मागे, आणि तसा वाचला की मालक निघतो `login-check.example`. माणूस इथे फसतो, पण ब्राउझर फसत नाही. तुमची पासकी `google.com` या नावाला बांधलेली आहे. दुसऱ्या नावाच्या पानाने ती मागितली तर ब्राउझर ती पुढेच करत नाही आणि बोट लावायची चौकटही येत नाही. म्हणून एक सवय लावून घ्या. नेहमी बोट मागणारी साइट एके दिवशी पासवर्ड आणि ओटीपी मागू लागली, तर थांबा आणि आधी पत्ता वाचा.

एकच बोट, तीन वेगळी कामं

‘मी तर कधीपासून फिंगरप्रिंटनेच लॉगिन करतो’ असं पुष्कळ जण म्हणतात. बहुतेक वेळा ती पासकी नसते.

पहिलं काम फोनची स्क्रीन उघडणं. दुसरं, बँकेच्या किंवा शेअर दलालाच्या ॲपचं कुलूप. तिथे बोट साधारणपणे तुमच्या एमपिनच्या जागी वापरलं जातं, आणि ती सोय त्या फोनवरच्या त्या ॲपपुरतीच असते. फोनमध्ये नवीन बोट नोंदवलं की अशी अनेक ॲप्स अचानक बोट नाकारतात आणि पुन्हा एमपिन मागतात. ॲप बिघडलेलं नसतं. बोटांची यादी बदलली की जुनी परवानगी रद्द व्हावी, अशी ती मुद्दाम केलेली रचना असते. तिसरं काम पासकी, म्हणजे खात्याचं लॉगिन. तीच पासकी फोनच्या जोरावर शेजारच्या लॅपटॉपवरही चालते.

हा फरक कळायला हवा, कारण पासकी घातल्यावर पैशांचे व्यवहार जिथल्या तिथेच राहतात. यूपीआय पिन वेगळा आहे, बँकेचा एमपिन वेगळा आहे, आणि गुगलच्या पासकीचा त्या दोघांशी संबंध नाही.

पासकी घालण्याआधीची तयारी

इथे घाई करू नका. पासकी घालायला दोन मिनिटं पुरतात, तयारीला अर्धा तास लागतो आणि खरं संरक्षण तयारीतच आहे.

आधी स्क्रीन लॉक बघा. फोनचा पिन चार आकडी असेल तर सहा आकडी करा, आणि जन्मसाल किंवा गाडीचा नंबर टाळा. पासकीला बोट जुळलं नाही की फोन पिन किंवा पॅटर्न मागतो आणि तो बरोबर असेल तर तेवढ्यावर काम होतं. म्हणजे तुमच्या पासकीची ताकद तुमच्या पिनएवढीच असते. पॅटर्न शक्यतो नकोच. गर्दीच्या डब्यात मागे उभ्या असलेल्या माणसाला तो दोन हातांवरून दिसतो, आणि काचेवर बोटाचा माग राहतो तो वेगळाच.

मग बोटांची यादी बघा. ‘Settings’ मध्ये सुरक्षेच्या भागात नोंदवलेली बोटं दिसतात. गेम खेळता यावा म्हणून मुलाचं बोट, अडीअडचणीला हवं म्हणून भावाचं बोट, असं अनेक घरांत असतं. पासकीला बोट कोणाचं हे कळत नाही. या फोनवर नोंदवलेलं बोट आहे, एवढंच ती बघते. ज्याचं बोट तुमच्या फोनमध्ये आहे तो तुमचं जीमेल उघडू शकतो. काळजीची गोष्ट म्हटली ती हीच. परकी बोटं काढा आणि आपली दोन्ही हातांची ठेवा, कारण पावसाळ्यात एका हातात छत्री असतेच.

आता गुगल खात्यात जा. फोनवर ‘Settings’, मग ‘Google’, मग ‘Manage your Google Account’, आणि तिथे ‘Security’. रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल नंबर आणि ईमेल आजही चालू आहेत का ते तपासा. नोकरी बदलल्यावर कंपनीचा बंद झालेला ईमेल तिथे तसाच राहिलेला असतो, हे फार वेळा दिसतं.

तिथेच ‘2-Step Verification’ चालू करा. पासकी घालायची तर हे कशाला, असं वाटेल. कारण साधं आहे. पासकी घातली तरी गुगल तुमचा पासवर्ड रद्द करत नाही. तो मागच्या दारासारखा उघडाच राहतो आणि ‘Try another way’ दाबून कोणीही त्या दाराशी पोहोचू शकतो. पुढे पासकी असून मागे निव्वळ ‘Mumbai@123’ असेल तर काही साधलं नाही. दुसरा टप्पा चालू असेल तर चोराला पासवर्ड कळूनही भागत नाही.

दुसरा टप्पा चालू झाला की त्याच पानावर ‘Backup codes’ मिळतात. आठ आकड्यांचे दहा कोड असतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा. गुगल ड्राइव्हमध्ये किंवा फोनच्या नोट्समध्ये ठेवून उपयोग नाही, कारण ज्या दिवशी ते लागतील त्या दिवशी तिथेच जाता येणार नाही. पाकिटातही ठेवू नका, पाकीट आणि फोन बरेचदा एकाच बॅगेत जातात. एक प्रत घरातल्या कपाटात रेशनकार्डाच्या फाइलीत आणि दुसरी विश्वासाच्या नातेवाइकाकडे, एवढं पुरे. पुढे नवे कोड काढलेत तर जुने सगळे बाद होतात, तेव्हा कागदही बदला.

पासकी घालणं

‘Security’ मध्ये ‘Passkeys and security keys’ उघडा. ब्राउझरमधून जायचं असेल तर `g.co/passkeys` टाइप करा. तिथे एखादी पासकी आधीच दिसली तर दचकू नका. अँड्रॉइड फोनवर गुगल खातं जोडलं की फोन अशी पासकी स्वतःहून तयार करू शकतो, आणि यादीत तसा उल्लेखही असतो. नसेल तर ‘Create a passkey’ दाबा, बोट लावा, झालं.

एका जागी मात्र थांबून वाचायचं: पासकी कुठे साठवायची हे विचारणारी चौकट. फोनवर बहुधा ‘Google Password Manager’ असतो, सॅमसंगवर ‘Samsung Pass’ पुढे येऊ शकतो, विंडोज लॅपटॉपवर ‘Windows Hello’. चौकट दिसते सारखीच, पण परिणाम वेगळा होतो. गुगलच्या व्यवस्थापकात ठेवलेली पासकी त्याच खात्याच्या तुमच्या इतर उपकरणांवरही जाते. विंडोज हॅलोत ठेवलेली पासकी सहसा त्या एकाच संगणकात राहते आणि तो फॉरमॅट केला की संपते. सॅमसंगमध्ये ठेवलेली पासकी पुढे दुसऱ्या कंपनीचा फोन घेतल्यावर सापडत नाही. आयफोनवर ती आयक्लाउड कीचेनमध्ये जाते आणि ॲपलच्या उपकरणांवर फिरते. फोन ॲपलचा आणि घरचा टॅब अँड्रॉइडचा असेल तर दोन्हीकडे वेगळी पासकी घाला. एका खात्याला अनेक पासकी चालतात.

ऑफिसचा संगणक, सायबर कॅफे, झेरॉक्सच्या दुकानातला पीसी, कॉलेजची लॅब इथे पासकी कधीच तयार करायची नाही. तिथे तिचा ताबा त्या यंत्राचा पिन ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जातो.

दुसऱ्याच्या संगणकावर लॉगिन करायचं असेल तर

तिथे पासकी तयार करत नाहीत, फोनवरची वापरतात. लॉगिनच्या पानावर ईमेल टाकला आणि फोन किंवा दुसरं उपकरण वापरण्याचा पर्याय निवडला की संगणकावर क्यूआर कोड येतो. फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन करा, फोनवर बोट लावा, आणि संगणकावर खातं उघडतं. पासकी मात्र फोनमध्येच राहते. काम झालं की साइन आउट करायला विसरू नका, कारण उघडं राहिलेलं खातं पासकी बंद करू शकत नाही.

हे चालायला दोन्ही यंत्रांवर इंटरनेट आणि दोन्हीकडे ब्लूटूथ चालू लागतं. जोडणी करावी लागत नाही, फोन खरोखर संगणकाच्या जवळ आहे एवढीच खात्री ब्लूटूथवरून होते. दूर बसलेल्या ठगाने तुम्हाला क्यूआर कोड पाठवून ‘हा स्कॅन करा’ म्हटलं तरी त्याचा संगणक तुमच्या फोनजवळ नसल्याने काम होत नाही. याच कारणाने ऑफिसात ही पद्धत अडकते. अनेक कंपन्या संगणकाचं ब्लूटूथ बंद ठेवतात, जुन्या डेस्कटॉपला ते नसतंच. क्यूआर स्कॅन होतो, चक्र फिरत राहतं आणि शेवटी चूक दाखवली जाते. तिथे पासवर्ड आणि दुसरा टप्पा वापरण्याला पर्याय नाही. पासवर्ड टिकवून ठेवायचं हेही एक कारण.

कुर्ल्याला फोन गेला, असं धरू

एक बाई आहेत. चेंबूरला घर, फोर्टला नोकरी, एकच अँड्रॉइड फोन. जीमेलला पासकी आहे, शिवाय खरेदीच्या दोन-तीन साइट्स आणि इतर काही ॲप्सच्या पासकीही गुगलच्या व्यवस्थापकात आहेत. संध्याकाळी गर्दीत चढताना फोन गेला. स्क्रीन बंद होती.

चोराच्या हाती बंद फोन आहे. पासकी त्यात आहेत, पण बोट किंवा पिनशिवाय त्या हलत नाहीत. वेगवेगळी बोटं लावून बघण्यालाही मर्यादा आहे. चार-पाच चुकांनंतर अँड्रॉइड थोडा वेळ थांबवतो आणि तरीही चालू ठेवलं तर बोट बंद करून पिनच मागतो. फोन बंद करून चालू केला तरी पहिल्यांदा पिन लागतो. पासवर्ड वहीत लिहून वही हरवण्यापेक्षा ही परिस्थिती खूप बरी आहे.

बाईंची अडचण वेगळीच आहे. घरी पोहोचून त्यांनी मुलाच्या लॅपटॉपवर जीमेल उघडायला घेतलं. पासकी मागितली, ती गेलेल्या फोनमध्ये. ‘Try another way’ केलं, पासवर्ड टाकला, तर ‘फोनवर होय दाबा’ असा संदेश गेलेल्या फोनवरच गेला. ओटीपी मागवला, तर सिम त्याच फोनमध्ये. आणि बाकीच्या साइट्सच्या पासकी? त्या गुगलकडे सुरक्षित आहेत, पण आधी गुगल खातं उघडल्याशिवाय मिळत नाहीत. सगळ्या किल्ल्या ज्या कपाटात ठेवल्या त्याचीच किल्ली आत राहिली.

पासकीवर जाणाऱ्याने समजून घ्यायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. इतर खात्यांच्या पासकी मुख्य खात्यावर अवलंबून असतात, म्हणून मुख्य खात्यात शिरायची निदान एक वाट अशी हवी जी त्या फोनमध्ये नाही आणि त्या सिमवरही नाही. कपाटातला कागद त्यासाठीच होता. बाईंनी पासवर्डनंतर बॅकअप कोड टाकला आणि खातं उघडलं.

‘दुसरं सिम काढू की’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक बारकावा. मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन त्याच नंबरचं नवं सिम लगेच मिळतं, पण सिम बदलल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस बंद असतात. सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने ही अट घातली आहे. म्हणजे ज्या दिवशी ओटीपी सर्वांत जास्त हवा असतो त्याच दिवशी तो येत नाही.

आता कामांचा क्रम. पहिलं काम फोनला कुलूप. कुठल्याही ब्राउझरमध्ये `android.com/lock` उघडून आपला नंबर टाकला की फोनची स्क्रीन दुरून बंद करता येते आणि त्यासाठी गुगलचा पासवर्ड लागत नाही. ही सोय आधी चालू करून ठेवावी लागते: ‘Settings’, ‘Google’, मग ‘Theft protection’ मध्ये ‘Remote Lock’. अँड्रॉइड 10 किंवा पुढचा फोन हवा आणि हरवलेल्या फोनवर इंटरनेट चालू असायला हवं. हे वाचून झाल्यावर लगेच तेवढं करून टाका.

दुसरं, सिम बंद करणं आणि बँकेला कळवणं. तिसरं, खात्यात शिरून ‘Your devices’ मधून गेलेला फोन साइन आउट करणं. फोनने स्वतःहून बनवलेली पासकी त्याबरोबर आपोआप निघते, आणि हाताने बनवलेली असेल तर पासकीच्या यादीतून काढा. चौथं, पोलिसांत तक्रार. तक्रारीची प्रत, फोनचं बिल आणि आयएमईआय नंबर घेऊन `ceir.gov.in` वर फोन ब्लॉक करता येतो. आयएमईआय फोनच्या खोक्यावर असतो, म्हणून खोकं रद्दीत देऊ नका. खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

नव्या फोनवर गुगल खातं जोडलं की पासकी परत येतात, पण एक प्रश्न विचारला जातो: जुन्या फोनचा स्क्रीन लॉक काय होता, किंवा गुगल पासवर्ड मॅनेजरचा पिन काय. हे पासकी उघडण्यासाठी लागतं आणि गुगलही ते तुमच्या वतीने भरू शकत नाही. वर्षभर फक्त बोटच वापरणारे नेमके इथे अडकतात. अँड्रॉइड साधारण दर तीन दिवसांनी एकदा पिन मागतो, तो त्रास वाटतो खरा, पण त्यामुळेच पिन लक्षात राहतो.

चोराने पिन टाकताना पाहिला असेल तर मात्र वरचं सगळं गणित उलटतं. मग फोन त्याचा, पासकी त्याच्या, आणि खात्याच्या सेटिंगही त्याच्या हातात. म्हणून स्टेशनवर, डब्यात, रिक्षाच्या रांगेत फोन बोटानेच उघडा. बघणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. पासवर्डच्या तुलनेत फिंगरप्रिंटचा हा सरळ फायदा आहे. आयफोनवर ‘Face ID & Passcode’ मध्ये ‘Stolen Device Protection’ चालू करा. घर-ऑफिससारख्या ओळखीच्या जागांबाहेर मग साठवलेले पासवर्ड आणि पासकी फक्त चेहऱ्याने किंवा बोटाने उघडतात, पासकोड चालत नाही. iOS 17.3 पासून ही सोय आहे. अँड्रॉइड 15 पासून काही फोनांत अशीच ‘Identity Check’ नावाची सोय आली आहे. तुमच्या फोनमध्ये दिसत असेल तर चालू करा.

रोजच्या वापरात काय अडतं

बोट जुळत नाही, ही सर्वांत मोठी तक्रार. जून ते सप्टेंबर ओलं बोट, एरवी धुणीभांडी, सिमेंट किंवा रसायनांच्या कामाने घासलेली त्वचा, वयामुळे पुसट झालेल्या रेषा. बोट पुसून पाहा, काचेवरचा जाड संरक्षक काढून पाहा, आणि तेच बोट दोनदा नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा तिरकं. तरी जमत नसेल तर पिनने पासकी वापरा. पासकीला बोट लागतंच असं नाही, आणि पिन वापरल्याने तिचं बनावट पानांपासूनचं संरक्षण कमी होत नाही.

चेहऱ्याने फोन उघडतो पण पासकीच्या वेळी पिन मागितला जातो, असंही होतं. कमी किमतीच्या अनेक अँड्रॉइड फोनांत चेहरा साध्या कॅमेऱ्याने ओळखला जातो. त्या पद्धतीवर स्क्रीन उघडण्यापुरता भरवसा ठेवला जातो, पासकीसाठी नाही.

‘या उपकरणावर पासकी नाही’ असा संदेश आला तर पासकी गेली असं लगेच धरू नका. बहुधा ती दुसऱ्या व्यवस्थापकात साठलेली असते किंवा फोनवर दुसरं गुगल खातं निवडलेलं असतं. घरचं आणि ऑफिसचं अशी दोन खाती एकाच फोनवर असणाऱ्यांनी पासकी कुठल्या खात्याखाली गेली ते आधी बघावं.

फोन विकताना किंवा एक्सचेंजला देताना आधी नव्या फोनवर लॉगिन करून पासकी चालते का ते पाहा, मगच जुना रीसेट करा. दुकानात काउंटरवर उभं राहून उलट क्रमाने केलं की पंचाईत होते.

मग जावं का पासकीकडे?

मुख्य ईमेलसाठी जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्या ईमेलवरूनच बदलता येतात, आणि बनावट पानावर पासवर्ड व ओटीपी दोन्ही देऊन बसण्याचा धोका तिथेच सर्वांत महाग पडतो. पण सगळी खाती एका रविवारी बदलू नका. जीमेलला पासकी घाला, महिनाभर वापरा, एकदा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर क्यूआरने लॉगिन करून बघा, एक बॅकअप कोड खरोखर वापरून पाहा. मग व्हॉट्सॲप, मग खरेदीच्या साइट्स.

जुना पासवर्ड लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला करा, घरच्या वहीत लिहा आणि सोडून द्या. रोज टाइप करायचा नसल्याने तो वीस अक्षरांचा असला तरी बिघडत नाही.

काहींनी मात्र थांबावं. घरात एकच फोन सगळे वापरत असतील आणि सगळ्यांना पिन माहीत असेल तर पासकीने खातं तुमचं एकट्याचं राहणार नाही. अँड्रॉइड 9 च्या आधीचा फोन असेल तर आधी फोनचं बघा. वडिलांचं खातं ठाण्याची मुलगी सांभाळत असेल, तर वडिलांच्या फोनवर पासकी घालण्याबरोबर मुलीच्या फोनवरही त्या खात्याची वेगळी पासकी घाला. नाहीतर प्रत्येक लॉगिनला वडिलांना फोन करून ‘बोट लावा’ म्हणावं लागेल, आणि कोणी फोन करून सांगितलं की बोट लावायचं ही सवय त्यांना लागणं सर्वांत वाईट.

पासकी ज्यापासून वाचवत नाही ती यादीही ध्यानात असू द्या. ‘तुमच्या नावाने पार्सल पकडलंय’ म्हणत व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारा खोटा पोलीस, वीज तोडण्याची धमकी देऊन स्क्रीन शेअर करायला लावणारा, ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर फोनमध्ये ॲप बसवणारी एपीके फाइल पाठवणारा, यांपैकी कोणाला तुमचा पासवर्ड नकोच असतो. ते तुमच्याच हाताने पैसे पाठवून घेतात किंवा आधीच उघड्या असलेल्या ॲपवर ताबा मिळवतात. अशी एपीके फोनमध्ये शिरली असेल तर पासकी बदलून उपयोग नाही. आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 ला कळवा, खात्यातून सगळीकडचं साइन आउट करा, आणि मगच फोन रीसेट करायला घ्या.